पहिला प्रश्न आणि फिरती खुर्ची

"ताई, आत्मविश्वास म्हणजे कॅमेऱ्यात नेमकं काय दाखवू?"

कॅमेरामनने हे साधेपणानेच विचारलं होतं, खोचकपणा त्यात काही नव्हता. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या प्लेसमेंट सेलसाठी मुलाखतीच्या तयारीचा दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता आणि त्याची संहिता मी लिहिली होती. शेवटच्या वर्षाला असलेली बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं तो पाहणार होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात निवेदक सांगत होता : आत्मविश्वासाने बसा, नजरेला नजर द्या, चेहरा हसरा ठेवा, घाबरू नका.

व्हिडिओची संहिता बहुतेक जण दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. माझा उजवा रकाना गच्च भरला होता आणि डाव्या रकान्यात पानभर एकच ओळ फिरून फिरून येत होती : 'निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो.' 'घाबरू नका' याचं चित्र काढता येत नाही, आणि ज्याचं चित्र निघत नाही ते करायचं कसं हे पाहणाऱ्या पोराला तरी कुठून कळणार? मी खर्डा बाजूला ठेवला आणि प्लेसमेंटच्या सरांना म्हटलं, आधी मला खऱ्या मुलांच्या सराव-मुलाखती बघू द्या.

दोन दिवस आम्ही एका वर्गखोलीत बसलो. टेबलापलीकडे सर, कॉलेजच्या एक प्राध्यापिका आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआर विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. अलीकडे ऑफिसातून उचलून आणलेली चाकांची फिरती खुर्ची. एक कॅमेरा त्या तिघांच्या मागे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. दुसरा बाजूला, मुद्दाम खाली लावलेला, म्हणजे टेबलाखालचे पाय दिसावेत. या दुसऱ्या कॅमेऱ्याने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं, पण त्याबद्दल पुढे.

पहिला प्रश्न सगळ्यांना एकच : 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' उत्तरंही जवळपास एकच. 'मायसेल्फ अमुकतमुक, आय ॲम फ्रॉम अमुक गाव, माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ, आय हॅव वन ब्रदर, माय हॉबीज आर रीडिंग अँड लिसनिंग म्युझिक, थँक्यू सर.' पंचवीस सेकंदांत संपतं. शेवटचं 'थँक्यू' म्हणताना चेहऱ्यावर सुटका. इंग्रजीतल्या चुकांकडे त्या तिघांचं फारसं लक्ष नव्हतं. त्यांची अडचण वेगळीच होती : या उत्तरातून पुढे विचारायला काही निघत नव्हतं.

एचआरच्या गृहस्थांनी चहाच्या वेळी एक गोष्ट सांगितली, ती मला व्हिडिओचा कणा वाटली. ते म्हणाले, "फ्रेशरच्या बायोडेटात विचारण्यासारखं थोडंच असतं हो. त्यामुळे आम्ही त्याच्याच उत्तरातला एखादा शब्द उचलतो आणि तिथून पुढे जातो. दुसरा प्रश्न खरं म्हणजे तोच आम्हाला देतो."

हे दिवसभर डोळ्यांसमोर घडत होतं. 'रीडिंग' म्हणालेल्या मुलाला "शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंस?" असं विचारलं की तो छताकडे बघायचा. 'टीमवर्क' म्हणालेल्याला "कुठल्या टीममध्ये होतास?" म्हटलं की शांतता. आपण पेरलेल्या शब्दातच ती मुलं अडकत होती. उलट, विचारलं तर पाच मिनिटं बोलता येईल असाच शब्द पहिल्या उत्तरात ठेवला असता, तर पुढची पाच मिनिटं त्यांच्या ताब्यात राहिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी आली. बी.कॉम., एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केलेला. तीच पंचवीस सेकंदं तिनेही म्हटली. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "घरी हिशेब कोण ठेवतं?" तिला वाटलं, हा मुलाखतीबाहेरचा प्रश्न. ती मराठीत घडाघडा बोलू लागली. आईच्या बचत गटाचं दप्तर तीच लिहिते. मागच्या वर्षी शिल्लक ३६० रुपयांनी कमी भरत होती. बायका एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या होत्या. तिने ३६० ला ९ ने भागून पाहिलं, पूर्ण भाग गेला. म्हणजे आकड्यांची अदलाबदल असणार, असं धरून तिने एकेक नोंद तपासली, आणि एका बाईने भरलेला २,४८० चा हप्ता वहीत २,८४० लिहिला गेल्याचं सापडलं.

अकाउंट्समध्ये काम केलेल्यांना ही युक्ती ठाऊक असते : शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. फरक ९ च्या पटीत आहे म्हणजे चूक तीच असं काही नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. तिला हे बारावीच्या बाईंनी सांगितलं होतं, आणि तिने ते आईच्या वहीत वापरलं. एचआरचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकून बसले. सराव-मुलाखत आहे हे तेही विसरले असावेत. "मग ती चूक दुरुस्त कशी केलीस? खाडाखोड केलीस का?" त्यांनी विचारलं. "नाही सर. जुनी नोंद वाचता येईल अशी एका रेघेने खोडली, वर बरोबर आकडा लिहिला, बाजूला अध्यक्षबाईंची सही घेतली."

हे सगळं तिच्या बायोडेटात कुठेही नव्हतं. तिथे 'हॉबीज : रांगोळी' होतं.

मग आम्ही संहितेत हाच प्रसंग घेतला, आणि दोनदा. आधी पंचवीस सेकंदांचं उत्तर, मग त्याच मुलीचं, त्याच खुर्चीतलं दुसरं. दुसऱ्या उत्तराचा खर्डा तिच्यासोबत बसून केला तेव्हा तीन गोष्टी ठरल्या : मी आत्ता काय आहे, या कामाशी संबंध असलेली एक खरी घटना, आणि मी इथे का आले. वडिलांचा व्यवसाय विचारला तर सांगायचा. तो लपवण्यासारखा नाही, पण ही जागा वडिलांसाठी निघालेली नाही. अंतिम संहितेतला तो तुकडा असा :

दृश्य : टेबल, समोर दोघे जण. मुलगी खुर्चीत पूर्ण मागे टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर. फाइल मांडीवर नाही, टेबलावर डाव्या हाताला.

आवाज (मुलगी) : "मी यंदा बी.कॉम. झाले, कॉस्टिंग हा माझा आवडता विषय. तीन वर्षं मी आईच्या बचत गटाचं दप्तर लिहिते आहे, दहा बायकांचे हप्ते आणि कर्जं. मागच्या वर्षी शिल्लक ३६० रुपयांनी जुळत नव्हती, ती चूक मी शोधली. टॅलीचा कोर्स केला आहे, पण खऱ्या कारखान्याची पुस्तकं अजून हाताळलेली नाहीत. ते शिकायला मिळेल म्हणून इथे अर्ज केला."

दृश्य : समोरच्या माणसाचा क्लोज-अप. तो पेन खाली ठेवतो.

आवाज (मुलाखतकार) : "चूक शोधली म्हणजे कशी?"

चौथ्या वाक्यातली 'अजून हाताळलेली नाहीत' ही कबुली ठेवावी की नाही यावर सरांचा आणि माझा वाद झाला. सरांना ती काढायची होती. मी ठेवली, कारण दोन दिवसांत 'तुमचा वीकनेस काय' या प्रश्नाला 'मी परफेक्शनिस्ट आहे' आणि 'मी खूप मेहनत करतो' एवढंच ऐकून माझे कान किटले होते. ही उत्तरं समोरचा ऐकतसुद्धा नाही. खरी, या कामापुरती, आणि ज्यावर आपण काहीतरी करतो आहोत अशी एक उणीव सांगितली की तो प्रश्न तिथेच संपतो.

एटीकेटीचंही तसंच. मार्कशीट टेबलावर असते. दुसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले हे त्यांना दिसतंच आहे. एका मुलाने त्यावर चार मिनिटं खुलासा केला : आजी आजारी, पेपर कठीण, तपासणी कडक. प्रत्येक कारणागणिक त्याचा आवाज बारीक होत गेला. त्याला आम्ही तीन वाक्यांवर आणलं. काय राहिलं, का राहिलं ते एका कारणात, आणि कधी सुटलं. मग गप्प. गप्प बसणं त्याला फार जड गेलं, आणि या गप्प बसण्यापाशीच देहबोलीचा विषय सुरू होतो.

देहबोली म्हटली की एक आकडा हमखास येतो : बोलण्याचा परिणाम शब्दांतून फक्त ७ टक्के, उरलेला ९३ टक्के आवाज आणि चेहऱ्यातून. माझ्याही पहिल्या खर्ड्यात तो होता, तो मी खोडला. अल्बर्ट मेहराबियन या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून तो निघाला. तिथे लोकांना एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ओळखायचं होतं. ३६० रुपयांची चूक कशी शोधली हे कोणी ९३ टक्के चेहऱ्याने सांगू शकत नाही. हे समीकरण सगळ्या संवादाला लागू नाही, असं खुद्द मेहराबियननेच सांगितलेलं आहे. तरी ते शिबिराशिबिरातून फिरतंच आहे, आणि त्याचा तोटा असा की मुलं उत्तराची तयारी सोडून हाताची घडी कशी घालू नये याचा सराव करत बसतात.

म्हणून देहबोलीला आम्ही फक्त तीन मिनिटं दिली. त्यातली बरीच फिरत्या खुर्चीवर गेली. साध्या खुर्चीत स्थिर बसणारी मुलं त्या खुर्चीत बसली की डावी-उजवीकडे हलायला लागत. त्यांना ते कळत नसे. समोरच्यांना मात्र डोलणाऱ्या माणसाशी बोलल्यासारखं वाटे. कडेवर टेकून बसलं की खुर्ची जास्त फिरते. पाठ पूर्ण मागे टेकवून दोन्ही टाचा जमिनीवर ठेवल्या की ती जागची हलत नाही. ही गोष्ट तीस सेकंदांत दाखवता आली, आणि टाचा खाली टेकल्यावर पाय हलवण्याची सवयही बरीचशी थांबली, हा वरचा फायदा.

नजरेचा प्रश्न इतका सोपा नव्हता. आपल्याकडे पोरांना लहानपणापासून ऐकवलेलं असतं : मोठ्यांशी बोलताना वर डोळे करून बघू नये. खेड्यातून आलेल्या मुलींना तर जास्तच. सरांसमोर खाली बघणं ही तिथे अदब असते, आणि मुलाखतीत त्याच अदबीचा अर्थ 'काहीतरी लपवते आहे' असा निघतो. वीस वर्षांची सवय 'नजरेला नजर द्या' या तीन शब्दांनी जात नाही. आम्ही असं सुचवलं : प्रश्न विचारणाऱ्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं. टेबलाच्या अंतरावरून समोरच्याला ते डोळ्यांत बघितल्यासारखंच दिसतं. उत्तराचं पहिलं आणि शेवटचं वाक्य विचारणाऱ्याकडे बघून म्हणायचं, मधलं बोलताना इतरांकडेही नजर न्यायची. आठवताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्यायची, सगळेच तसं करतात. टक लावून बघणारा मुलगाही आम्हाला एक भेटला होता. प्राध्यापिकाबाई शेवटी स्वतःच खिडकीकडे बघू लागल्या.

आता तो खालचा कॅमेरा. पाय हलवणाऱ्या एका मुलाला सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पाय हलवायचे नाहीत." दुसऱ्या दिवशी पाय स्थिर होते आणि हातातलं पेन टकटक वाजत होतं. पेन काढून घेतलं, तर बोटं मोडायला लागला. दडपण कुठून तरी बाहेर पडणारच. एक वाट बंद केली की ते दुसरी शोधतं. त्यामुळे 'हे करू नका'ची यादी आम्ही संहितेतून काढून टाकली आणि हातांना काम दिलं. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर, एकाची बोटं दुसऱ्याच्या तळव्यात सैल धरलेली, आणि बोलताना एक हात मोकळा. पेन खिशात, मोबाइल बंद करून बॅगेत. ओढणीशी चाळा करणाऱ्या मुलीला ती दोन्ही खांद्यांवर पिन करून यायला सांगितलं. पिनेपुढे सल्ला फिका पडला.

या मुलांची सर्वांत मोठी भीती होती, की आपली धडधड समोरच्याला दिसते आहे. ही समजूत बरीचशी खोटी आहे आणि त्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. थॉमस गिलोविच, केनेथ सॅवित्स्की आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की आपल्या मनातलं इतरांना किती दिसतं याचा अंदाज माणूस बहुधा जास्तच करतो. एका प्रयोगात लोकांना वाईट चवीचं पेय पाजून चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. आपण पकडले जाणार असं पिणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा प्रत्यक्षात ते कमी ओळखले गेले. पुढे २००३ मध्ये सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी काही विद्यार्थ्यांना तीन मिनिटांचं भाषण द्यायला लावलं, आणि त्यांपैकी एका गटाला आधी एवढंच सांगितलं : तुमची धास्ती तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. त्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली.

आम्ही हे बोलून न सांगता दाखवलं. आपल्या मुलाखतीचं चित्रण बघताना त्या बचत गटवाल्या मुलीचाच चेहरा टिपला. "माझे हात थरथरत होते," ती म्हणाली आणि पडद्यावर शोधू लागली. थरथर कुठे दिसेचना. दिसत होती ती वेगळीच गोष्ट : दर वाक्याच्या शेवटी 'ॲक्च्युअली' आणि मग उगाचच हसणं. ते तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'म्हणजे ना' हे शब्द येतात कुठून? शांततेच्या भीतीतून. रोजच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास करून हे मोजलेलं आहे. त्यांत मराठी नव्हती, पण चावडीवर बसून कोणीही पडताळून बघावं. इतक्या जलद देवाणघेवाणीची सवय असली की दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार मोठी वाटते आणि तो ती काहीतरी बडबडून भरतो. आम्ही व्हिडिओत एका प्रश्नानंतर दोन सेकंद काहीच ठेवलं नाही. मुलगी विचार करते, मग बोलते. एडिटिंग करणाऱ्याला वाटलं, आवाज गेला. त्याने तो भाग कापलाच होता. परत घालायला लावला. पाहणाऱ्याला ती विचार करताना दिसते, एवढंच.

उत्तर येतच नसेल तर? तेही लिहून दिलं : "हे मला माहीत नाही, सर." त्यानंतर जमलं तर, "पण मी असा विचार करेन," आणि एक पायरी. इंग्रजी अडलं तर "हे मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारायचं. एमआयडीसीतल्या बऱ्याच ठिकाणी ते चालतं. ग्राहकांशी इंग्रजीतच बोलण्याचं काम असेल तिथे चालणार नाही, आणि मग तो नकार तरी योग्य कारणासाठी असेल.

घरी करायचा सराव आम्ही शेवटच्या मिनिटात दिला. पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल डोळ्यांच्या उंचीला उभा करा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदाच रेकॉर्ड करा. मग ते तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून. चाळे तेव्हाच दिसतात. दुसऱ्यांदा स्क्रीन पालथी घालून; 'ॲक्च्युअली' मोजा, बोटांवर. तिसऱ्यांदा कागद घेऊन बसा आणि ऐकणारा कोणता शब्द उचलून पुढचा प्रश्न विचारेल तो लिहा. एकही सापडला नाही तर उत्तर बदला. देहबोलीकडे नंतर बघू. आणि पाठ करू नका. शब्दन्‌शब्द पाठ केलेलं उत्तर एका शब्दावर अडलं की पुढचं सगळंच कोसळतं, हे शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत आपण बहुतेकांनी भोगलेलं आहे. घटना लक्षात ठेवा, वाक्यं तिथल्या तिथे होतील.

त्या मुलीची खरी मुलाखत महिन्याभराने झाली. सरांकडून कळलं, की तिथे 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' कोणी विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "साडेआठची शिफ्ट आहे, गावाहून वेळेत कशा पोचणार?" तिने सांगितलं, पहिली एसटी सहा चाळीसला आहे, ती चुकली तर वडापची जीप सात वाजता निघते. बचत गटाची गोष्ट त्यानंतर निघाली. तुम्ही बाहेरगावाहून येणार असाल, तर बाकी तयारीबरोबर एसटीच्या वेळाही विचारून ठेवा.